थर्मोसायफन सोलरमध्ये पुन्हा पुन्हा हवा का अडकते?

प्रश्न: गच्चीवर २०० लिटरचा सोलर बसवून दोन महिने झाले. दोन सपाट पॅनेल आहेत, पंप नाही. दुपारी पॅनेलमधून निघणाऱ्या पाइपला हात लावता येत नाही, पण संध्याकाळी टाकीतलं पाणी जेमतेम कोमट. प्लंबर येऊन हवा काढतो, दोन-तीन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. आता सगळे पाइप काढून नव्याने टाकावेत म्हणतोय. कसे टाकावेत? इन्सुलेशन कोणतं करावं?

उत्तर:

सगळं काढायच्या आधी एकच पाइप नीट तपासा: पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यातून निघून टाकीत शिरणारा गरम पाइप. तो दोन-तीन मीटरचाच असतो, पण तुम्ही सांगता ती लक्षणं असली की दोष बहुतेक त्याच्याच पोटात सापडतो. पॅनेल तापतंय म्हणजे ऊन, काच आणि पॅनेलचा काळा लेप यांत काही बिघाड नाही. तापलेलं पाणी टाकीपर्यंत पोचत नाहीये. हवा काढली की चालतं, म्हणजे नळ्या क्षाराने बुजलेल्या नाहीत. तेव्हा हवा पुन्हा पुन्हा थांबून राहते अशी एक जागा त्या पाइपात आहे. ती जागा राहील तोवर प्लंबरने कितीही वेळा हवा काढली तरी चार दिवसांत ती परत जमणार.

तुमचा सोलर थर्मोसायफन, म्हणजे पंप नसताना त्यात पाणी फिरतं ते फक्त वजनातल्या फरकावर. ३० अंशांच्या पाण्याचं वजन घनमीटरला सुमारे ९९५.७ किलो, तर ५० अंशांच्या पाण्याचं ९८८ किलो. फरक पावणेआठ किलोचा. पॅनेलच्या तळापासून गरम पाइप टाकीत शिरतो तिथपर्यंतची उभी उंची दीड मीटर धरली, तर या फरकातून मिळणारा जोर साधारण ११-१२ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका भरतो. म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. तुमच्या २०० लिटरच्या सोलरचं सगळं चलनवलन एवढ्याशा जोरावर चालतं. हा आकडा डोक्यात पक्का बसला की पाइप कसा टाकायचा याचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात.

आता समजा गरम पाइप मध्येच कुठेतरी ४ सेंटिमीटर वर चढून पुन्हा खाली उतरलाय. तापलेल्या पाण्यातून सुटलेली हवा त्या उंचवट्यात जमते. पुढे जायचं तर पाण्याला माथ्यापर्यंत चढावं लागतं आणि पलीकडे हवा जितकी खोल भरली असेल तितकी उंची स्वतःच्या जोरावर पेलावी लागते. हवेने तो उतार पूर्ण भरला की ४० मिलिमीटर लागतात आणि हातात असतात १२. प्रवाह तिथेच थांबतो.

पुढचं जे घडतं त्यानेच अनेकांची दिशाभूल होते. पाणी थांबल्यावर पॅनेल तापतच राहतं. आतल्या पाण्याचं सरासरी तापमान ९० अंशांवर गेलं की त्याचं वजन घनमीटरला ९६५ किलोवर येतं आणि त्याच दीड मीटरमध्ये जोर ४५ मिलिमीटरच्या आसपास पोचतो. मग अडकलेली हवा एकदम ढकलली जाते, गुडगुड आवाज येतो, उकळत्या पाण्याचा एक लोट टाकीत शिरतो, पॅनेलमध्ये गार पाणी येतं, जोर पुन्हा १२ वर येतो आणि अडथळा परत उभा राहतो. असा सोलर पूर्ण बंद नसतो, तो उचक्या देत चालतो. म्हणून संध्याकाळी पाणी अगदी गार नसतं, कोमट असतं. दुपारी पॅनेलजवळ उभं राहून असा थांबून थांबून आवाज येतो का ते ऐका. आला तर निदान जवळजवळ पक्कं झालं.

हवा येते कुठून, हे सगळे विचारतात. कुठे गळती असेल म्हणून सांधे पुन्हा पुन्हा आवळले जातात. खरं तर हवा पाण्याबरोबरच येते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण १८ मिलिलिटर हवा विरघळलेली असते आणि पाणी तापलं की तिच्यातली बरीचशी बुडबुड्यांच्या रूपात सुटते. तुम्ही रोज नवीन पाणी आत घेता, म्हणजे रोज नवी हवाही येते. ती थांबवता येत नाही. बुडबुडा जिथे सुटला तिथून त्याला टाकीपर्यंत आणि टाकीच्या माथ्यावरच्या उघड्या व्हेंट पाइपने बाहेर, सतत वर जाणारी वाट मिळाली पाहिजे. वाटेत कुठेही त्याला खाली यावं लागता कामा नये.

एका घरातलं काम सांगतो, तुमच्या तक्रारीशी ते बरंच जुळतं. तिथेही २०० लिटरची टाकी, दोन पॅनेल आणि २.६ मीटरचा गरम पाइप होता. लांबून पाहिलं तर पाइप छान चढता दिसत होता, वर जाड इन्सुलेशन आणि पत्र्याचं आवरण. ऊन चांगलं असताना दुपारी बाराला पॅनेलच्या तोंडाशी तापमान मोजलं, ते ८८ अंश भरलं. तोच पाइप टाकीत शिरतो तिथे ३४. सुरळीत चालणाऱ्या सोलरमध्ये या दोन जागांत दोन-चार अंशांचाच फरक असतो, आणि पॅनेलमध्ये शिरणारं व निघणारं पाणी यांत १० ते २० अंशांचा. इथे पाइपाच्या दोन टोकांतच ५४ अंश. आवरण काढल्यावर कारण दिसलं. टाकीच्या स्टँडचा लोखंडी अँगल मध्ये येत होता. बसवणाऱ्याने पाइप त्याच्यावरून नेला आणि पुढे टाकीच्या तोंडाला जुळवण्यासाठी साडेतीन सेंटिमीटर खाली उतरवला. इन्सुलेशनच्या जाडीत तो उतार पार झाकला गेला होता.

आम्ही नवा पाइप अँगलच्या खालून नेला. तेवढी जागा मिळावी म्हणून टाकीचं स्टँड १० सेंटिमीटरने उचललं आणि २.६ मीटरमध्ये एकंदर १३ सेंटिमीटर चढ मिळवला. दुसरं काहीही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅनेलच्या तोंडाशी ५३ आणि टाकीच्या तोंडाशी ५१ अंश मिळाले.

तुमच्याकडे हे तपासायला भारी उपकरण नको. पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब, पुरते. दुपारी तापलेल्या पाइपला हात लावू नका, सकाळी लवकर काम करा. इन्सुलेशन उघडून दर अर्ध्या मीटरला पाइपाच्या वरच्या कडेची उंची मोजा आणि खडूने तिथेच लिहा. पॅनेलकडून टाकीकडे प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा असायला हवा. एखादा सारखा आला किंवा कमी झाला, तर जागा सापडली. साधी पाणसळ पाइपावर ठेवून काम भागत नाही. ती आपल्या लांबीपुरतंच सांगते, दोन क्लॅम्पांच्या मधला झोल तिला कळत नाही.

नव्याने टाकताना मी गरम पाइपाला मीटरमागे ५ सेंटिमीटर चढ देतो. जागेची अडचण असेल तर कमीत कमी २. त्याहून कमी चढ कागदावर चालतो, पण एखादा क्लॅम्प सैल झाला किंवा स्टँडचा एक पाय खचला की तो सपाट होतो. पॅनेललाही थोडा चढ लागतो, आणि हे हमखास राहून जातं. गार पाणी खालच्या एका कोपऱ्यातून आत येतं आणि गरम पाणी समोरच्या तिरक्या, वरच्या कोपऱ्यातून निघतं. तो निघण्याचा कोपरा वरच्या हेडरचा, म्हणजे पॅनेलच्या वरच्या कडेतल्या आडव्या पाइपाचा, सगळ्यात उंच बिंदू असावा. दोन पॅनेल शेजारी जोडली असतील तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ सेंटिमीटर चढ पुरे. वरचं हेडर उलट बाजूला झुकलं असेल तर हवा पॅनेलमध्येच साठते. मग गरम पाइप कितीही सुंदर टाकला तरी एक पॅनेल अर्धवट चालतं. उरलेल्या दोन तोंडांपैकी खालच्या तोंडाला बूच न लावता एक व्हॉल्व बसवा, त्याचं काम पुढे सांगतो.

टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच ठेवा. यात कसर केली तर रात्री पॅनेल गार पडल्यावर पाणी उलटं फिरू लागतं आणि दिवसभराची कमाई आकाशाला देऊन टाकतं. गरम पाइप टाकीत जिथे शिरतो ते तोंड कायम पाण्याखाली असलं पाहिजे. टाकी अर्धी रिकामी झाली आणि ते तोंड उघडं पडलं की पाण्याचा दुवाच तुटतो. पाइप कितीही नीट असला तरी फिरणं बंद.

पॅनेल आणि टाकी यांच्यातले दोन्ही पाइप २५ मिलिमीटरचे घ्या. संथ वाहणाऱ्या पाण्याला आतला व्यास निम्मा केला की तेवढ्याच प्रवाहासाठी सोळापट विरोध होतो. आपल्याकडे मुळात १२ मिलिमीटरचा जोर, त्यामुळे इथे अर्ध्या इंची पाइपाचा विचारही नको. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा, नाहीतर ४५ अंशांचे दोन तुकडे जोडून वळवा. या चक्रात व्हॉल्व लावायचाच असेल तर पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व लावा. स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व इथे कधीच नको, त्याची स्प्रिंग उघडण्याइतकाही जोर या पाण्यात नसतो.

पाइप कशाचा, यावर माझं मत ठाम आहे. पॅनेल ते टाकी जीआय किंवा तांबं. सीपीव्हीसी आणि पीपीआर घरातल्या गरम पाण्याला चांगले आहेत, पण या जागी नकोत. एक तर पाणी थांबलं की पॅनेलच्या तोंडाशी उकळत्या पाण्याची वाफ येते आणि हे पाइप तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. दुसरं कारण थेट हवेशी जोडलेलं आहे. साधा पीपीआर मीटरला, दर अंशामागे सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढतो. ३ मीटरचा तुकडा ५० अंशांनी तापला की २२ मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट असल्यामुळे ही लांबी कुठे जाणार? पाइप मधे वाकतो. सकाळी तुम्ही मोजाल तेव्हा चढ बरोबर असेल आणि दुपारी त्यात झोल पडलेला असेल. तेवढ्याच जीआय पाइपाची वाढ २ मिलिमीटरच्या आत राहते. तुमचा गरम पाइप प्लास्टिकचा असेल तर मोजमाप न करताच तो बदला, असं मी म्हणेन. जीआय असला तरी दर मीटरला आधार द्या आणि टाकीजवळ युनियन ठेवा, म्हणजे पुढे कधी उघडायचा झाला तर कापावा लागणार नाही.

टाकीच्या तळातून पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात येणाऱ्या गार पाइपाला उलटा नियम. तो टाकीपासून सतत उतरता हवा. त्यात बुडबुडा आलाच तर तो मागे टाकीत परतला पाहिजे.

आता व्हेंट पाइप, कारण टाकीपर्यंत आलेली हवा शेवटी तिथूनच जाते. तो टाकीच्या सगळ्यात वरच्या बिंदूतून निघून सरळ वर जावा आणि गार पाण्याच्या टाकीत पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं त्याच्या निदान ३० सेंटिमीटर वर संपावा. गरम पाणी हलकं असल्यामुळे व्हेंटमध्ये ते गार टाकीच्या पातळीपेक्षा थोडं वर उभं राहतं. २ मीटरच्या उंचीला, ६० अंशांवर, हा फरक अडीच सेंटिमीटरचा. पॅनेलने उचकी दिली की पाणी आणखी उसळतं, म्हणून ३० ची सूट. व्हेंटवर व्हॉल्व बसवू नका आणि पाणी उडतं म्हणून त्याला बूच मारू नका. उघड्या टाकीची हीच एकमेव सुटका आहे. बंद केली तर दाब वाढून टाकी फुगते.

व्हेंटमधून हवा उलट आतही येऊ शकते. सोलरला गार पाणी देणारा पाइप बारीक असेल, किंवा त्याच पाइपातून खालच्या नळांनाही फाटा काढलेला असेल, तर खाली दोन नळ एकदम उघडल्यावर टाकीतून पाणी जितकं जातं तितकं येत नाही. व्हेंटमधली पातळी खाली उतरते, हवा टाकीच्या माथ्यावर येते आणि तिथूनच निघून घरात उतरणाऱ्या गरम पाइपात ओढली जाते. गरम नळ फुसफुसत, थुंकत येतो तो यामुळे. म्हणून गार टाकीतून सोलरसाठी वेगळं तोंड काढा आणि त्याचा पाइप खाली जाणाऱ्या गरम पाइपापेक्षा बारीक नसावा. खाली जाणारा गरम पाइप गच्चीच्या कठड्यावरून उचलून पलीकडे उतरवला असेल तर तिथेही तोच उंचवटा तयार होतो. कठड्याला भोक पाडून खालूनच न्या. ते जमत नसेल तर त्या माथ्यावर दुसरा छोटा व्हेंट उभा करा, पहिल्याइतक्याच उंचीचा.

इन्सुलेशनबद्दल आधी प्रमाण सांगतो, म्हणजे त्याच्याकडून नको ती अपेक्षा राहणार नाही. २५ मिलिमीटरचा उघडा पाइप भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी गरम असेल तर मीटरमागे साधारण ४५ वॅट उष्णता गमावतो. २५ मिलिमीटर जाडीचं चांगलं इन्सुलेशन केलं की सुमारे १० वॅट. ३ मीटर गरम पाइप सहा तास उघडा राहिला तर २०० लिटर पाण्याचे साडेतीन अंश जातात, इन्सुलेशन असेल तर एका अंशाहूनही कमी. वारा असेल तर तोटा वाढतो. म्हणजे ते करायलाच हवं, पण कोमट पाण्याचं तुमचं दुखणं त्याने बरं होणार नाही. आधी चढ, मग इन्सुलेशन. आणि आवरण चढवण्याआधी एक-दोन दिवस सोलर उघड्या पाइपांवर चालवून बघा. गळती आणि उतार दोन्ही तेव्हाच दिसतात.

पॅनेल ते टाकी या भागात पॉलिइथिलीन फोमची स्वस्त नळी टिकत नाही. ९० अंशांच्या आसपास ती आकसते आणि सांधे उघडे पडतात. तिथे ईपीडीएम रबर किंवा काचलोकर घ्या. खाली घरात जाणाऱ्या पाइपाला नायट्राइल रबर पुरतं. कोणतंही रबर उन्हात उघडं ठेवलं की तडकून भुगा होतं, म्हणून वर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा उन्हाला टिकणारं आवरण हवंच. काचलोकर कोरडी असेल तोवरच काम करते. भिजली की ती ओल्या गोधडीसारखी उष्णता ओढून घेते. त्यामुळे आवरणाची चीर खालच्या अंगाला ठेवा आणि तुकडे खालून वर चढवत या, कौलं रचतो तसे, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता वरून ओघळून जाईल. क्लॅम्प इन्सुलेशनच्या वरून बसवा आणि त्याखाली टणक तुकडा द्या, नाहीतर प्रत्येक क्लॅम्पजवळ जाडी दबून निम्मी होते.

घरात उतरणाऱ्या पाइपात वेगळा हिशोब असतो. २५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं, २० च्या पाइपात पाव लिटरहून थोडं जास्त. १५ मीटरच्या अंतराला साडेसात लिटर की पावणेपाच, एवढं पाणी रोज सकाळी गरम पाणी येईपर्यंत ओतावं लागतं. म्हणून इथे मी २० चा वापरतो. रात्रभरात पाइपातलं पाणी गार होणारच, जाडी वाढवून ते थांबत नाही. पण सकाळी एकापाठोपाठ एक आंघोळी होतात तेव्हा उघड्या पाइपातलं पाणी पंधरा-वीस मिनिटांत निम्मी ऊब गमावतं आणि झाकलेल्या पाइपातलं तासाभराहून जास्त टिकतं.

शेवटी पाणी भरायची पद्धत. पॅनेल उन्हात रिकामं तापलेलं असताना पाणी सोडू नका, पहाटे भरा किंवा पॅनेल झाकून ठेवा. टाकी वरून भरली की पाणी पॅनेलमध्ये दोन्ही बाजूंनी उतरतं आणि मधली हवा कोंडते. त्याऐवजी पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर जो व्हॉल्व ठेवायला सांगितला, त्याला नळी जोडून पाणी तिथून हळूहळू आत सोडा. पाणी खालून वर चढतं आणि हवेला पुढे घालून टाकीत नेतं. व्हेंटमधून बुडबुड्यांशिवाय सलग पाणी दिसलं की व्हॉल्व बंद करा. त्याच दिवशी दुपारी आणि पुन्हा आठवड्याने, गरम पाइपाच्या दोन्ही टोकांचं तापमान मोजा. आठवड्यानेही फरक दोन-चार अंशांत राहिला तर चढ बरोबर आहे. आणि वर्षा-दोन वर्षांनी फरक असा एकाएकी न वाढता महिन्यामहिन्याने वाढत गेला, तर मात्र हवा शोधत बसू नका. तो पॅनेलच्या नळ्यांत साठलेला क्षार असतो, आणि पाइप कितीही सरळ केले तरी तो पॅनेल उतरवून धुतल्याशिवाय जात नाही.